फ्लशच्या पाण्याला वास का येतो?

तळेघरच्या परिसरातील एक आजी दिवाळीनंतर दोन महिने मुलाकडे पिंपरी-चिंचवडला राहून आल्या. रक्तदाब तपासून घेताना त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पोराच्या बिल्डिंगमधी संडासाचं पाणी धुऊन परत संडासालाच सोडतात. मला काही ते पटंना. मी आपली बादलीनं नळाचं पाणी टाकायची." मी हसलो आणि त्यात वावगे काही नाही, हे समजावू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. "वावगं नसंल, पण त्याला वास येतो. सकाळच्याला लई येतो."

या शेवटच्या वाक्याने मात्र मी सावध झालो. शुद्ध केलेल्या सांडपाण्याला घाण वास येता कामा नये. येत असेल तर ते नीट शुद्ध झालेले नाही. पुढच्या महिन्यात त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा आजींच्या मुलाबरोबर मी त्यांच्या सोसायटीचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, म्हणजे सर्वजण ज्याला 'एसटीपी' म्हणतात ते, तळघरात उतरून पाहिले. तेथे जे समजले ते आपल्यापुढे मांडतो. कारण आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अशाच इमारतींत राहतात.

प्रथम हिशेब पाहू. नागरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यांतील ४५ लिटर केवळ फ्लशसाठी असते. शंभर सदनिका आणि चारशे रहिवासी असलेल्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर पाणी लागते. त्यातून सुमारे ४५ हजार लिटर सांडपाणी निर्माण होते. फ्लशला १८ हजार लिटर लागते आणि हजार चौरस मीटरच्या बागेला उन्हाळ्यात पाचेक हजार. म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्यापैकी निम्मे घरातच जिरते, निम्मे उरून गटारात जाते. आणि दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज वाचतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचे पाणी दिवसाआड येते. तेथे या दोन टँकरांचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता त्या तळघरात चला. सांडपाणी प्रथम लोखंडी जाळीतून जाते. तेथे चिंध्या, प्लास्टिक आणि दुर्दैवाने सॅनिटरी पॅडही अडकतात. स्वयंपाकघराच्या पाण्यातील तेल-तूप वेगळ्या सापळ्यात वर तरंगते आणि ते काढून टाकले जाते. नंतर पाणी एका मोठ्या टाकीत साठते. सकाळी सहा ते दहा या वेळात सांडपाण्याचा लोंढा येतो आणि दुपारी ओघ मंदावतो. ही टाकी तो चढउतार सांभाळून पुढे चोवीस तास सारखा प्रवाह पाठवते.

पुढची टाकी हे या केंद्राचे खरे काळीज. तिच्यात चक्रीसारखे हजारो छोटे प्लास्टिकचे तुकडे तरंगत असतात आणि त्यांवर जिवाणूंचा तपकिरी बुळबुळीत थर वाढलेला असतो. ब्लोअर नावाचे यंत्र तळातून सतत हवा सोडते. हवेतील प्राणवायू घेऊन हे जिवाणू पाण्यातील मलद्रव्य खातात आणि वाढतात. आमच्याकडे मोरीचे पाणी अळूच्या वाफ्यात सोडतात, तेव्हा मातीतले जिवाणू हेच काम निवांतपणे करतात. येथे तेच काम थोड्या जागेत, काही तासांत करून घ्यायचे असते, म्हणून हवा विजेने पुरवावी लागते. त्यापुढच्या टाकीत गाळ तळाशी बसतो, वरचे नितळ पाणी वाळूच्या व कोळशाच्या गाळण्यांतून जाते आणि क्लोरीनची मात्रा घेऊन साठवण टाकीत येते. तेथून ते गच्चीवरील स्वतंत्र टाकीत चढवले जाते आणि स्वतंत्र नळांवाटे फ्लशला व बागेला जाते.

आजींच्या 'सकाळच्या वासा'चे कारण काळजाच्या टाकीपाशीच सापडले. वीजबिल कमी करण्यासाठी समितीने रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत ब्लोअर बंद ठेवण्याची सोय करून घेतली होती. हवा थांबली की टाकीतील प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. प्राणवायूवर जगणारे जिवाणू मरगळतात आणि प्राणवायूशिवाय जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात. ते हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. थराचा रंग तपकिरीचा काळा होऊ लागतो आणि पाणी करडे दिसते. तेथील कामगाराला हे पुरते ठाऊक होते. "साहेब, मी सांगितलं होतं, पण बिल कोण भरणार, असं विचारतात," असे तो म्हणाला. ब्लोअर पुन्हा चोवीस तास चालू केला, तरी जिवाणूंचा थर पूर्ववत होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रुग्णाने औषध मध्येच सोडावे, तसाच हा प्रकार.

याच वायूविषयी वैद्यक म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो. प्रमाण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे गेले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस टाकीत उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही तसाच जातो. टाकी साफ करण्यासाठी सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या सोसायटीत तसे घडताना दिसल्यास ते तत्काळ थांबवा.

दुसरा दोष मला माझ्या गावच्या अनुभवामुळे सापडला. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्यात ओटी चाचणीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का, ते पाहतो. रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. या सोसायटीत गच्चीवरील फ्लशच्या टाकीतील पाण्यावर मी तीच चाचणी केली. पाणी रंगहीनच राहिले. केंद्रात मात्र क्लोरीनचे द्रावण नियमित पडत होते. मग ते गेले कुठे? द्रावण गाळण्यांच्या आधी पडत होते आणि कोळशाची गाळणी क्लोरीन शोषून घेते! गाळणीनंतर साठवण टाकीत दुसरी मात्रा देण्याची सोयच नव्हती. शुद्ध सांडपाण्याच्या अशा वापरासाठी साठवण टाकीत साधारण एक मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावे, म्हणजे ते गच्चीपर्यंत पोहोचेतो काही उरते. फ्लश करताना सूक्ष्म तुषार उडतात. ते आपल्या हाताला आणि श्वासाला लागतात, म्हणून ही काळजी. झाकण लावून फ्लश करण्याची सवयही त्यासाठीच.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. शुद्ध केलेले सांडपाणी फ्लशला चालते, पिण्यास मुळीच नाही. दोन्ही पाण्यांचे नळ भिंतीआड शेजारी-शेजारी धावतात आणि घराची दुरुस्ती करताना नव्या प्लंबरने चुकीचा नळ जोडला, तर सांडपाणी थेट वॉश बेसिनला येते. अधिक वेळा घडणारी चूक म्हणजे संडासातील हाताच्या जेटला फ्लशचीच जोडणी देणे. जेटचे पाणी अंगाला लागते. त्याला ताजे पाणीच हवे. आजींच्या मुलाच्या घरी हीच चूक होती आणि ती चार वर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती.

हे ओळखण्याची सोपी रीत आहे. फ्लशच्या गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह दहा मिनिटे बंद करा आणि फ्लशची टाकी रिकामी करा. आता घरातील प्रत्येक तोटी उघडून पाहा. जी तोटी किंवा जेट आटला, तो चुकीच्या पाण्यावर आहे. दुसरी तपासणी गच्चीवर करा. शुद्ध सांडपाणी कमी पडले की फ्लशच्या टाकीत ताजे पाणी सोडतात. त्या नळाचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत मोकळे असले पाहिजे. ते पाण्यात बुडालेले असेल आणि ताज्या पाण्याचा दाब उतरला, तर सांडपाणी उलट ताज्या पाण्याच्या नळात ओढले जाऊ शकते. पाणी दिवसाआड येणाऱ्या शहरात दाब उतरणे ही नित्याची गोष्ट आहे.

बागेविषयी थोडके. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण जंतांची अंडी टिकतात. त्यांना वाळूची गाळणी अडवते, म्हणून ती वेळच्या वेळी उलटी धुतलेली हवी. हे पाणी ठिबकने मुळाशी द्यावे, कारंज्याने उडवू नये. हिरवळीला द्यायचेच असेल तर रात्री द्यावे, म्हणजे सकाळी मुले खेळायला येईपर्यंत ती कोरडी होते. कोथिंबीर, पुदिना यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्याला ते घालू नये. तुळशीलाही नको, कारण येता-जाता तिचे पान तोंडात टाकणारे आपल्यात अनेक आहेत.

आणि घरातून जे खाली जाते, त्याकडेही लक्ष असू द्या. संडासात रोज ओतलेले ॲसिड आणि फिनेल त्याच जिवाणूंना मारते, ज्यांच्या जोरावर हे केंद्र चालते. तळणीचे तेल मोरीत ओतले तर सापळा तुंबतो आणि ते पुढे जिवाणूंच्या थरावर बसून त्यांचा प्राणवायू अडवते.

सोसायटीने तिन्ही दुरुस्त्या केल्या. ब्लोअर रात्री चालू झाला, गाळणीनंतर क्लोरीनची मात्रा सुरू झाली आणि घरोघरीच्या जेटची जोडणी तपासली गेली. त्यांत आणखी सात घरांत तीच चूक निघाली. फाल्गुनात आजी पुन्हा मुलाकडे जाऊन आल्या. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "आता नाही येत वास." बादलीने पाणी टाकणे थांबवले का, असे विचारता त्या म्हणाल्या, "थांबवलं. पण रोज सकाळी एकदा वास घेऊन बघते."

वाचकहो, ती सवय मी त्यांना मोडू दिली नाही. केंद्राच्या वहीत कोणतेही आकडे लिहिलेले असोत. सकाळचा पहिला फ्लश, एक नाक आणि महिन्यातून एकदा ओटीचे चार थेंब, एवढ्यावर बहुतेक बिघाड वेळीच कळतो.