डायोस्मिनची गोळी आणि राहून गेलेली तपासणी

"डॉक्टर, तपासायचं काही नाही. ती मूळव्याधीची गोळी तेवढी लिहून द्या."

आठवड्यातून दोनदा तरी मी हे वाक्य ऐकतो. ती गोळी म्हणजे बहुतेक वेळा डायोस्मिन, किंवा डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांचे मिश्रण. पाकिटावर निरनिराळी नावे असतात, पण आतले औषध तेच. शेजाऱ्याला गुण आलेला असतो, मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, आणि संत्र्या-मोसंबीच्या कुळातल्या फळांच्या सालीपासून बनते असे कळले की रुग्णाला ती औषध वाटतच नाही, फळ वाटते.

माझे भांडण या गोळीशी नाही. मी स्वतः ती लिहून देतो. माझे भांडण तिच्या वापरण्याच्या पद्धतीशी आहे, आणि त्यात मेडिकलवाले, रुग्ण आणि आम्ही डॉक्टर असे सगळेच सापडतो. माझ्यापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. वय ५४. शौचाच्या वेळी लाल रक्त पडते, दुखत मात्र नाही. दोन बाळंतपणे झालेली, दिवसभर उभ्याने काम, पाणी कमी, पोट साफ नाही. मूळव्याधीची गोष्ट अगदी पाठ्यपुस्तकासारखी जुळत होती. मी म्हटले, "एकदा तपासून घेऊ या." त्या म्हणाल्या, "नको हो डॉक्टर, लाज वाटते. आधी औषध द्या, नाही बरं वाटलं तर बघू." बाहेर वीसेक पेशंट बसले होते. मी आग्रह धरला नाही. डायोस्मिन-हेस्पेरिडिनचा सात दिवसांचा कोर्स आणि इसबगोल लिहून दिले. पाचव्या दिवशी रक्त थांबले. त्यांनी फोन करून माझे आभार मानले आणि मलाही बरे वाटले.

पुढचे अकरा महिने त्या आल्या नाहीत. आल्या त्या जिना चढताना धाप लागते म्हणून. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या, हिमोग्लोबिन ७.९. मग हळूहळू कळले की मधल्या काळात रक्त पुन्हा चार वेळा सुरू झाले होते. दर वेळी त्यांनी माझीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या, आणि दर वेळी रक्त थांबले.

मी खोदून विचारले तेव्हा आणखी गोष्टी बाहेर आल्या. गेले चार महिने दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागत होते आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नव्हते. कधी नुसती शेमच पडायची. रक्तही आता थेंबथेंब वेगळे न पडता मळात मिसळलेले असायचे. हे सगळे मिळून नुसत्या मूळव्याधीचे चित्र नव्हते. या वेळी मी त्यांना डाव्या कुशीवर झोपवले, हातमोजा घातला आणि बोटाने तपासले. बोटाच्या टोकाला कडक, खडबडीत गाठ लागली. कोलोनोस्कोपी आणि तुकड्याची तपासणी झाली. गुदाशयाचा कॅन्सर होता.

त्यांना मूळव्याधही होती! कोलोनोस्कोपीच्या अहवालात दुसऱ्या टप्प्याचे कोंब स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे माझे निदान चूक नव्हते, ते अर्धे होते. आणि ते पूर्ण करायला पहिल्याच दिवशी दोन मिनिटे पुरली असती.

आता प्रश्न असा की दर वेळी रक्त थांबले कसे? गोळीने कॅन्सरचे रक्त थांबवले का? तसे मानायला काही आधार नाही. गुदमार्गातून पडणारे रक्त, मग ते कोंबाचे असो की गाठीचे, बहुधा येते-जाते. कडक मळाने कोंब खरवडला की रक्त येते आणि काही दिवसांत खरवडलेले भरून येते. माणूस गोळी कधी घेतो? रक्त सगळ्यांत जास्त असेल त्या दिवशी. त्यानंतर ते कमीच होणार असते. म्हणूनच औषधांच्या अभ्यासात एका गटाला खरी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी देतात. मूळव्याधीच्या अशा अभ्यासांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांचे रक्त थांबते. त्यामुळे "गोळीने थांबले, म्हणजे मूळव्याधच" हा निष्कर्ष कधीही काढू नका. तो रुग्णाने काढला तर मी समजू शकतो. डॉक्टरने काढला तर ती हयगय आहे, आणि ती मी केली.

मग गोळीचा स्वतःचा गुण काही आहे की नाही? आहे. गुदद्वाराच्या आत प्रत्येकालाच रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सुजल्या आणि खाली घसरल्या की आपण त्यांना मूळव्याध म्हणतो. डायोस्मिन तिथल्या शिरांच्या भिंतींचा ताण थोडा वाढवते, बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरणारा द्रव कमी करते आणि सूज उतरवायला मदत करते. २०१२ साली कोक्रेन या संस्थेने या प्रकारच्या औषधांवरचे २४ अभ्यास एकत्र तपासले. रक्त, खाज आणि ओलसरपणा यांत फायदा दिसला. दुखण्यात मात्र खात्रीलायक फरक दिसला नाही. कित्येक अभ्यास लहान होते आणि त्यांची पद्धतही एकसारखी नव्हती, म्हणून हा फायदा किती मोठा हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अमेरिकेत मूळव्याधीचे औषध म्हणून डायोस्मिनला सरकारी मान्यता नाही, युरोपातल्या अनेक देशांत आणि आपल्याकडे ते सर्रास वापरले जाते. दोन्हीकडचे डॉक्टर वेडे नाहीत. मधल्या प्रतीचा पुरावा असला की असे होते.

माझ्या मते तिचे काम ठरलेले आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्याची, तपासून खात्री केलेली मूळव्याध अचानक उसळली आणि रक्त पडू लागले, तर थोड्या दिवसांचा कोर्स. सूक्ष्म कणांच्या डायोस्मिन-हेस्पेरिडिनची नेहमीची मात्रा पहिले चार दिवस रोज ३ ग्रॅम आणि पुढचे तीन दिवस रोज २ ग्रॅम अशी, विभागून, जेवणाबरोबर असते. म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या असतील तर आधी दिवसाला सहा आणि नंतर चार. लोक दिवसाला एक गोळी महिनाभर घेतात आणि गुण नाही म्हणतात, किंवा १००० ची गोळी आणून जुन्या चिठ्ठीप्रमाणे सहा घेतात. पाकिटावरचा आकडा वाचा. पोटात मळमळ, जुलाब, डोकेदुखी एवढाच त्रास सहसा होतो. गरोदर बाईने मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ही गोळी काय करू शकत नाही, तेही तितकेच स्पष्ट आहे. बाहेर आलेला कोंब ती आत नेत नाही. कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो तो दुसरा टप्पा, बोटाने ढकलावा लागतो तो तिसरा, ढकलूनही जात नाही तो चौथा. तिसऱ्या टप्प्यापर्यंत गादीला धरून ठेवणारे आतले धागे सैल होऊन तुटलेले असतात, आणि तुटलेला धागा शिरेच्या औषधाने सांधत नाही. तिथे रबराचे कडे चढवणे किंवा ऑपरेशन हेच खरे उपाय. "ऑपरेशन टाळा" म्हणून वर्षभर ही गोळी खाणारे रुग्ण मी पाहतो. ऑपरेशन टळत नाही, फक्त तोपर्यंत अंगातले लोह संपते.

आणि दुखणे. आपल्याकडे त्या जागेच्या कुठल्याही तक्रारीला मूळव्याध म्हणतात, सगळा घोळ तिथेच आहे. आतली मूळव्याध सहसा दुखतच नाही. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ आणि नंतर तासभर आग, ही गुदद्वाराला पडलेली चीर, म्हणजे फिशर. त्याला स्नायूचा ताण सोडवणारे मलम लागते, डायोस्मिन नव्हे. एका रात्रीत आलेली निळसर, टणक, ठणकणारी गाठ म्हणजे बाहेरच्या शिरेत गोठलेले रक्त. पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्जनकडे गेलात तर ती छोट्याशा छेदाने काढता येते. गोळीची वाट पाहण्यात तेच दिवस जातात. ठणक आणि ताप दोन्ही असतील तर तिथे पू झालेला असू शकतो, त्या दिवशीच दाखवा.

मला सगळ्यात चीड येते ती याची, की महागडी गोळी न सांगता घेतली जाते आणि इसबगोल सांगूनही घेतला जात नाही. तंतुमय पदार्थांवरच्या अभ्यासांत मूळव्याधीचे रक्त पडण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झालेले दिसले. पण त्याला धीर लागतो. दोन चमचे भुसा, मोठा ग्लासभर पाण्यात, रोज रात्री, निदान सहा आठवडे. पाणी कमी घेतलेत तर उलट पोट आणखी गच्च होईल. आणि मोबाईल घेऊन संडासात वीस मिनिटे बसण्याची सवय तशीच ठेवून गोळी घेणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

त्या ताईंना आधी रेडिएशन आणि केमोथेरपी, मग ऑपरेशन झाले. काही महिने पोटावर पिशवी होती, ती नंतर काढता आली. केंद्र आता सून बघते, त्या हिशेब बघतात. अकरा महिने आधी कळले असते तर उपचार किती सोपे झाले असते, हे मी त्यांना विचारू दिले नाही. त्यांनीही विचारले नाही. मला मात्र तो प्रश्न सुटलेला नाही.

तेव्हापासून माझ्याकडे नियम साधा आहे. रक्त पडत असेल तर तपासल्याशिवाय ही गोळी मिळत नाही. पडद्याआड, नर्सला उभे करून, जेली लावून, दोन मिनिटे. बोटाला आतले मऊ कोंब लागत नाहीत, त्यासाठी छोटी नळी घालून पाहावे लागते, पण कडक गाठ लागते. वय ४५ च्या पुढे असेल, हिमोग्लोबिन उतरले असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोंब डोळ्यांना दिसत असले तरी मी कोलोनोस्कोपी सांगतो. चिठ्ठीवर कोर्सखाली मोठ्या अक्षरात लिहितो: "फक्त ७ दिवस. या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नये."

आमच्या गल्लीतला मेडिकलवाला यावरून माझ्यावर नाराज आहे. परवा म्हणाला, "डॉक्टर, साधी संत्र्याची गोळी आहे, तिच्यासाठी एवढं कशाला?" मी त्याला ताईंची गोष्ट सांगितली. त्या चार वेळच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून गेल्या होत्या.