रडायचं तर जेवून रड

गेल्या महिन्यात आईचा वाढदिवस होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी तिचा फोटो स्टेटसला ठेवायला बसले आणि बोटांनी आपोआप टाइप केलं, 'मिस यू आई. तुझ्याविना घर सुनं सुनं वाटतं.' खाली जोडलेले हात. पाठवणार एवढ्यात धाकटा भाऊ मागून डोकावला आणि म्हणाला, "ताई, हे कुणाच्याबी आईला चालेल की!"

मला रागच आला. पण खरं होतं त्याचं. त्या दोन ओळींत माझं दुःख होतं, आई कुठंच नव्हती. फोटो बदलला असता तरी ओळी तशाच चालल्या असत्या. आपण पुण्यतिथीला जे लिहितो तेच वाढदिवसालाही लिहितो, ही आपली खोड आहे. पुण्यतिथीला ती गेली हे आठवावंच लागतं. पण वाढदिवशी ती आली होती. मग त्या दिवशी ती कशी होती ते लिहायला नको का?

दुसऱ्यांदा लिहिलं ते यादीसारखं झालं. पुरणपोळी, भरली वांगी, प्रेमळ, कष्टाळू, सुगरण. हे तर सत्काराचं मानपत्र! शिवाय सगळं खरंही नव्हतं. आईच्या चपात्या दुपारनंतर चामड्यासारख्या व्हायच्या आणि ती स्वतःच त्यावर हसायची.

मग ठरवलं, एकच पदार्थ आणि एकच वाक्य. पदार्थ शोधावा लागला नाही. अंबाडीची भाजी. आपल्या बेळगावच्या बाजारात तिला पुंडी म्हणतात. आई दोन पेंड्या आणायची, पानं खुडून उकडायची, पाणी पिळून काढायची. मग शिजवलेली तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या घालून रवीनं घोटायची. शेंगदाणे, हिरवी मिरची, गुळाचा खडा. आणि शेवटी तेलात लसूण तांबूस होईपर्यंत तळून वरून चुर्रर्र फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी.

वाक्यासाठी मात्र थांबावं लागलं. 'घरोघरी मातीच्या चुली' हे ती रोज म्हणायची, पण ते सगळ्यांच्याच आया म्हणतात. मग आठवलं. बारावीच्या पूर्वपरीक्षेत मी गणितात नापास झाले, दप्तर टाकून कोपऱ्यात बसले. आईनं काही विचारलं नाही. ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "रडायचं तर जेवून रड." ताटात तीच भाजी होती.

शेवटी लिहिलं ते असं : 'आज आईचा वाढदिवस. पुंडीची भाजी करायची तर लसणाला हात आखडता घ्यायची नाही. पानं उकडून पाणी सगळं टाकून द्यायची. चपात्या मात्र तिला कधी जमल्या नाहीत. मी नापास झाले तेव्हा म्हणाली, रडायचं तर जेवून रड. आज जेवून घेतलंय, आई.'

यात 'सुनं' नाही, 'पोरकी' नाही. तरी दुःख लपलेलं नाही. 'करायची', 'घ्यायची', 'द्यायची' ही आपली क्रियापदंच सांगतात की माणूस आता नाही. मराठीत ते वेगळं ओरडून सांगायची गरज नसते.

आणि फरक उत्तरांत दिसला. आधीच्या वर्षी पन्नासेक जोडलेले हात आले होते. या वर्षी मावशीनं लिहिलं, 'सगळं पाणी टाकत नव्हती गं, अर्धी वाटी ठेवायची, नाहीतर भाजीला चव कुठली?' शेजारच्या काकूंना आठवलं की पावसाळ्यात आमच्या फोडणीचा वास आला की त्या भाकरी घेऊनच यायच्या. आईची मला माहीत नसलेली अर्धी वाटी त्या दिवशी परत मिळाली. 'मिस यू'ला अशी दुरुस्ती कोण करणार?

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. तिचं वाक्य तिच्याच बोलीत ठेवावं. 'दुःख करण्याआधी भोजन कर' असं सुधारलं की आई संपली. आणि घरातल्या कुणाला लागेल असं तिचं बोलणं स्टेटसला नको. पाठवण्याआधी मी बाबांना वाचून दाखवलं. ते चपातीच्या ओळीला हसले, मग बराच वेळ गप्प बसले.

संध्याकाळी ते स्वतःच बाजारातून दोन पेंड्या घेऊन आले. आम्ही तिघांनी भाजी केली, अर्धी वाटी पाणी ठेवून. गूळ कमी पडला, आंबट झाली. तरी पातेलं पुसून खाल्लं.