पकड हवी, फास नको

आमच्या घरी रविवारी सकाळी न्हाणं असतं. सातवीतली भाची शिक्षणासाठी माझ्याकडेच राहते. तिच्या दोन वेण्या घालायचं काम माझं, आणि सोडायचं तिचं. महिनाभरापूर्वी ती आरशासमोर उभी राहून कुरकुरली, "मावशी, रबर काढलं की डोक्शाची कातडी दुखते वं." मी म्हटलं, "खूप खेळली असशील उन्हात." मग तिने कानशिलावरचे केस मागे सारून दाखवले. तिथे बोटभर उंचीची आखूड लव उभी होती आणि मुळांशी दोन बारीक पुळ्या. पोरीचं खरं होतं, माझं खोटं.

आपल्याकडे असं काही दिसलं की पहिला संशय तेलावर जातो, दुसरा शाम्पूवर आणि तिसरा बोअरच्या पाण्यावर. मी आधी कंगवा तपासायचं ठरवलं. तीन दिवस विंचरताना खाली पांढरा कागद अंथरला आणि निघालेले केस त्यावर मांडले. गळलेल्या केसाच्या एका टोकाला साबुदाण्याच्या कणीहून बारीक असा पांढुरका ठिपका असतो. तो मूळ सोडून, आपलं आयुष्य संपवून आलेला केस. असे दिवसाला पन्नास ते शंभर गेले तरी ते नेहमीचंच. तुटलेल्या केसाला हा ठिपका नसतो, दोन्ही टोकं नुसतीच असतात. आमच्या कागदावर ठिपक्याचे थोडे आणि बिनठिपक्याचे तुकडे जास्त होते. पट्टी लावली तर बहुतेक तुकडे सहा ते आठ सेंटिमीटरचे. वेणीला रबर लावल्यावर त्याखाली जो शेंडा उरतो, तोही मोजला. सात सेंटिमीटर! चोर कुठे बसलाय ते मोजपट्टीनेच सांगितलं.

ते रबर म्हणजे आपल्या जनरल स्टोअरमध्ये पाकिटात मिळणारं बारीक काळं रबर, दोनेक मिलिमीटर जाडीचं, आत-बाहेर सगळं रबरच, वर दोऱ्याचं वेष्टण नाही. न ताणता त्याचा घेर भरला बारा सेंटिमीटर. भाचीच्या वेणीच्या शेंड्याला दोरा गुंडाळून मोजला तर चार. म्हणजे तीन वेढ्यांत रबर नेमकं बसायला हवं. चौथ्या वेढ्याला ते ताणलं जातं आणि घरून निघायच्या घाईत मी पाचवाही देत होते. पाच वेढे म्हणजे बारा सेंटिमीटरचं रबर वीस सेंटिमीटरपर्यंत ओढलेलं, आणि तो सगळा ताण एकाच बारीक रेघेवर. दिवसभर मान हलते, दप्तराचा पट्टा वेणीला लागतो, आणि केस रोज त्याच जागी वाकतो. एकच तार पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी वाकवली की ती तुटते, तसंच हे.

त्यात आपलं तेल. नैसर्गिक रबराला तेल मानवत नाही. तेल शोषून ते फुगतं, मऊ होतं आणि चिकटतं. उन्हाळ्यात आमच्या आर्णीचा पारा चढला की हे आणखी लवकर होतं. अशा चिकट रबरावरून केस सरकत नाही, रबरासोबत ओढला जातो. संध्याकाळी रबर काढताना त्याच्याभोवती गुंडाळून आलेले चार-पाच केस कुठल्याही आईने पाहिले असतील. रबर एकदा चिकट झालं, किंवा त्यावर बारीक भेगा दिसल्या, की ते वेणीच्या कामाचं राहत नाही. आणि केसात रुतलेलं रबर ओढून काढण्यापेक्षा छोट्या कात्रीने कापावं. दहा रुपयांच्या पाकिटातलं एक रबर गेलं तर काय मोठं नुकसान!

आता माझी शाळेतली आठवण. आमच्या वेळी लाल रिबिनी होत्या. दुमडून कानाशी बांधलेल्या दोन वेण्या आणि वर फुलासारखी गाठ. रिबीन तर गुळगुळीत, तरी प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत ती पडायची नाही. याचं गुपित आईच्या बोटांत होतं. ती रिबीन शेंड्याला नुसती बांधायची नाही. वेणी अर्ध्यावर आली की रिबीन मधोमध दुमडून दोन पदरांत मिसळायची आणि शेवटपर्यंत केसांसोबतच गुंफायची. म्हणजे पकड गाठीची नव्हती, गुंफणीची होती. दोन सेंटिमीटर रुंद कापड केसांच्या पेडांमध्ये मुरलेलं असायचं, ताण सगळ्या लांबीवर वाटला जायचा आणि शेवटच्या गाठीला फारसं काम उरायचं नाही. केस बांधण्याचं सगळं शास्त्र मला इथेच सापडलं. घट्टपणा आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्टपणा थोड्या केसांना आवळतो, पकड पुष्कळ केसांना थोडं थोडं धरून ठेवते.

हे एकदा कळलं की दुकानात काय उचलायचं ते ठरवणं सोपं होतं. मी आणि भाची बाजारात गेलो. दुकानदार भाऊंनी स्क्रंचींचा अख्खा गठ्ठा पुढे टाकला. स्क्रंची म्हणजे आत इलॅस्टिक आणि वर कापडाची चुणीदार पिशवी. अमेरिकेत रॉमी रेवसन नावाच्या गायिकेने 1987 मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाईंना केसांना इजा न करणारं बंधन हवं होतं. चुण्यांमुळे रुंदी वाढते आणि इलॅस्टिक केसाला थेट लागतच नाही, म्हणून ती रबरापेक्षा सौम्य. पण सगळ्या स्क्रंची सारख्या नसतात. भाचीला साटिनची गुलाबी आवडली. तिच्या केसांना ती धरणार नाही, हे मी तिथेच सांगितलं. तिचे केस सरळ आणि निसरडे, साटिनही निसरडं. दोन तासांत स्क्रंची शेंड्यावरून खाली. मग ती सावरायला पोर आणखी एक वेढा देणार आणि पुन्हा घट्टपणाच येणार. सरळ, बारीक केसांना सुती स्क्रंची धरते. कुरळ्या, दाट केसांना साटिन बरं, कारण तिथे केस एकमेकांतच अडकून पकड देतात आणि कापडाने फक्त घासू नये, एवढंच हवं असतं.

घेण्याआधी दोन परीक्षा करा. दुप्पट ताणून सोडा. लगेच मूळ आकारात आली नाही तर आतलं इलॅस्टिक मेलेलं आहे. मग मनगटात घालून बाजारभर फिरा. काढल्यावर कातडीवर लाल वळ बराच वेळ राहिला, तर केसांच्या मुळांवरही तसाच ताण येणार. साधा हेअरबँड घेत असाल तर त्याचा जोड बोटाने चाचपा. जिथे टोकं धातूच्या पत्रीने दाबलेली असतात, तिथे केस हमखास अडकतात.

शेवटी आम्ही घरीच स्क्रंची शिवली. जुन्या सुती ओढणीची पन्नास सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली. उलट्या बाजूने लांबीला टीप घालून नळी केली, सुलट केली, आणि सेफ्टी पिनला अडकवून सहा मिलिमीटर रुंदीचं अठरा सेंटिमीटर इलॅस्टिक आतून ओवलं. इलॅस्टिकची टोकं एकावर एक ठेवून दोनदा शिवली, वरून कापडाचं तोंड बंद केलं. कापड इलॅस्टिकच्या अडीच-तीन पट लांब असलं की चुण्या दाट पडतात. ही पोनीसाठी. बारीक वेणीच्या शेंड्याला बारा सेंटिमीटर इलॅस्टिक आणि निम्म्या रुंदीची पट्टी पुरते.

मोठ्या बायांचं काम क्लचरवर चालतं. त्याचेही दात पाहून घ्या. साच्यातून निघाल्यावर दातांच्या कडेला प्लास्टिकची बारीक धार राहते. बोट फिरवल्यावर ती टोचली तर तीच केस सोलणार. क्लचर मिटल्यावर दोन्हीकडचे दात एकमेकांत बसायला हवेत; समोरासमोर आपटत असतील तर ते केस चिमटतात. आणि अंबाडा घातल्यावर दातांची टोकं भिडतच नसतील तर क्लचर लहान आहे. दाबून बसवू नका, मोठा घ्या. खडे जडवलेला जड चाप मात्र लग्नापुरताच ठेवा. त्याचं सगळं वजन चार केसांवर लोंबतं.

कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा बुचडा पाहिलाय कधी? दिवसभर वाकून काम, डोक्याला फडकं, घामाच्या धारा, तरी तो सुटत नाही. त्यात असतात दोन-तीन आकडे. आकडा बुचड्याच्या कडेचे थोडे केस उचलतो, उलटा वळतो आणि डोक्यालगत आत शिरतो. तो आवळत नाही, नुसता विणला जातो. आपण काळी पिन वापरतो तेव्हा नागमोडी बाजू डोक्याकडे असावी, टोकावरचा थेंब शाबूत असावा आणि ती दातांनी उघडू नये. थेंब गेलेली पिन टोचते आणि केसही ओरबाडते.

अजून एक चूक माझीच होती. ओले केस सुक्यापेक्षा जास्त ताणले जातात आणि लवकर तुटतात. मी रविवारी न्हाल्या न्हाल्या वेण्या करत होते. केस वाळताना ताण तसाच राहायचा. आता ओल्या केसांना फक्त सैल गुंडाळी, रबर नाही.

कानशिलावरच्या लवेचं कारण मात्र वेगळं. ते शेंड्याचं रबर नव्हे, मुळापासून ओढून घातलेली वेणी. ओढीमुळे होणाऱ्या या केसगळतीची नोंद 1907 मध्ये ग्रीनलंडमध्ये झाली, तिथल्या घट्ट बांधलेल्या केसांच्या बायांमध्ये. सुरुवातीला ओढ थांबवली की केस परततात. वर्षानुवर्षं चालली तर मूळच मरतं आणि मग तेल-लेपाचा उपयोग होत नाही. दुखणं, पुळ्या आणि कानशिलावरची लव या तीन खुणा दिसल्या की वेणी सैल करायची वेळ झाली समजा. पण कागदावर ठिपक्याचेच केस भरमसाट पडत असतील, तर दोष रबराचा नाही. तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तापातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनीही असे केस गळतात.

भाचीच्या वेण्या आता सैल असतात, त्यात अर्ध्यापासून रिबीन आणि शेंड्याला सुती स्क्रंची. महिनाभरात पुळ्या बसल्या आणि कागदावरचे सात सेंटिमीटरचे तुकडे कमी झाले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा कानशिलं भरायला शाळेचं हे वर्ष जाईल. काळ्या रबरांचं पाकीट स्वयंपाकघरात गेलंय. डाळीच्या पिशवीचं तोंड बांधायला ती अगदी उत्तम आहेत.