स्वतंत्र क्लिनिक, स्वतःचा फ्रिज

आपल्या वाचक परिवारातील एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णालयातील नोकरी सोडून तालुक्याच्या गावी स्वतःचे क्लिनिक सुरू केले आहे. त्यांचे मनापासून अभिनंदन! आजवर लसींचा फ्रिज सिस्टर सांभाळत होत्या. आता तो डॉक्टरांचा आहे, म्हणून त्याविषयीच थोडे बोलतो.

लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या, हे आपण सगळे जाणतो. वीज गेली की आपल्याला उष्णतेची काळजी वाटते. पण घरगुती फ्रिजमध्ये लस गोठण्याचा धोकाही तितकाच मोठा असतो आणि तो लवकर लक्षात येत नाही. डीपीटी, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी या लसींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. व्हायलवरचा व्हीव्हीएम फक्त उष्णता दाखवतो. गोठून गेलेल्या लसीवरही तो अगदी निर्दोष दिसतो.

समजा, उन्हाळ्यात वाढवलेली डायल जानेवारीतही तशीच राहिली. सोमवारी सकाळी थर्मामीटर 4 अंश दाखवतो, पण रात्रीचे किमान तापमान उणे 2 नोंदलेले आहे. पेंटाव्हॅलंटच्या व्हायल पातळच दिसतात. अशा वेळी त्या वेगळ्या काढून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी. शेक टेस्ट करायची तर त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवावी लागते. मग ती आणि संशयित व्हायल एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या आणि अर्धा तास पाहायचे. संशयित व्हायलमधला गाळ गोठवलेल्या व्हायलइतकाच किंवा त्याहून लवकर खाली बसला, तर ती लस बाद. मात्र या चाचणीत एक व्हायल खर्ची पडते. आपल्याकडे दोन-तीनच डोस असतील, तर ते सरळ टाकून द्यावेत. जी व्हायल बर्फासारखी घट्ट गोठलेली सापडेल, तिची चाचणी करण्याचे कारणच नाही.

हे टाळणे मात्र सोपे आहे. लसींसाठी वेगळा फ्रिज घ्यावा. लसी मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये किंवा दारात ठेवू नयेत. तळाशी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर लसींच्या शेजारी असावा. सकाळ-संध्याकाळ नोंद करून तो रीसेट करावा, रविवारीसुद्धा. ऋतू बदलला की डायल तपासावी.

गोठलेली लस दिल्याने बाळाला सहसा लगेच काही होत नाही, त्यामुळे आईवडीलही तक्रार करत नाहीत. बाळाला पुरेसे संरक्षण मात्र मिळालेले नसते. आणि ते आपल्या नोंदवहीशिवाय कोणालाच कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून डॉक्टर, पहिल्या दिवसापासून ती वही स्वतः वाचा आणि तारखेसमोर स्वतः सही करा. आपल्या क्लिनिकला आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!