घशात काटा अडकलाय? भाताचा गोळा आधी ताटात परत ठेवा

गेली वीसेक वर्षं मी कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून कोकणात काम करतो. माझ्याकडे घशातला काटा घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एक वाक्य बोलतोच, ‘डॉक्टर, भात गिळून बघितला, पण गेला नाही.’ कुणी चार घास गिळलेले असतात, कुणी अख्खं ताट. माझं स्पष्ट मत आहे की, हा भाताचा गोळा आपण आता स्वयंपाकघरातून हद्दपार केला पाहिजे. का, ते सांगतो.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीतल्या एक बाई. रविवारी दुपारी घरी करली होती. करली चवीला उत्तम, पण तिच्या मांसात आडवेतिडवे बारीक काटे किती असतात ते खाणाऱ्याला ठाऊक असतं. गप्पांच्या नादात एक काटा गेला आणि घशात खालच्या बाजूला टोचू लागला. सासूबाईंनी लगेच सुक्या भाताचे गोळे करून दिले. ‘चावू नको, तसाच गीळ.’ पाच गोळे झाले. मग दोन केळी. मग लिंबू चोखून झालं. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही, म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवलं. सोमवारी गोळीच्या जोरावर दुखणं जरा दबलं. मंगळवारी सकाळी ताप होता, मान वळत नव्हती आणि थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. सीटी स्कॅनमध्ये काटा दिसला. अन्ननलिकेच्या तोंडाशी आडवा बसलेला, साधारण दोन सेंटीमीटरचा, त्याचं एक टोक भिंतीच्या पार गेलेलं आणि बाजूला पू धरू लागलेला. भूल देऊन काटा काढला, पू काढला. पुढचे आठ दिवस त्या नाकातल्या नळीवाटे पातळ अन्न घेत होत्या.

हा काटा मुळात आडवा बसला होता की भाताच्या धक्क्याने आडवा होऊन आत रुतला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण टोकदार वस्तूवर वरून जोर दिला तर ती जिथे टेकली आहे तिथे आणखी खोल जाणार, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

मग आजीचा भात ‘लागू’ कसा पडतो?

पडतो, हे खरं आहे. त्याचं कारण असं, की बऱ्याचदा काटा घशात राहिलेलाच नसतो. जाता जाता तो ओरखडा काढून पोटात गेलेला असतो आणि पोटात गेलेला काटा बहुतेक वेळा काही त्रास न देता पुढे निघून जातो. मागे उरते ती ओरखड्याची जळजळ. अशा वेळी भात खा, केळं खा किंवा काही न करता झोपा, सकाळी बरं वाटणारच. श्रेय मात्र भाताला मिळतं. उरलेल्यांपैकी काहींचा काटा मऊ आणि वरवर टेकलेला असतो, तो भाताबरोबर निघतो. आणि ज्यांचा खरोखर रुतलेला असतो, ते माझ्यासारख्याच्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांचे किस्से जेवणाच्या पंगतीत कुणी सांगत नाही.

भाताविरुद्धचं दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. काटा दुर्बिणीने काढायचा झाला तर अनेकदा भूल द्यावी लागते आणि त्यासाठी पोट रिकामं हवं. साधारणपणे घट्ट अन्नानंतर सहा तास थांबतात, कारण भुलेखाली उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणजे तुम्ही पाच गोळे आणि दोन केळी खाऊन आलात, तर काटा काढायची घाई आणि भरलेलं पोट यांच्यात भूलतज्ज्ञाची ओढाताण होते.

लिंबू आणि व्हिनेगरचंही तसंच. हाड आंबट पाण्यात खूप वेळ बुडवून ठेवलं तर नरम होतं, पण घशातून घोट जायला एखाद-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात काटा विरघळत नाही, ओरखडा मात्र जास्त चुरचुरतो. कोला पिण्याचा सल्लाही मोबाइलवर फिरत असतो. अन्ननलिकेत अडकलेल्या अन्नाच्या गोळ्यावर कोलाचा उपयोग होतो का, याची चाचणी नेदरलँड्समधल्या पाच रुग्णालयांनी ५१ रुग्णांवर केली. ती २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. कोला दिलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आराम पडला आणि न दिलेल्यांपैकीही ६१ टक्केच! काट्यासाठी तर त्याची आशाच नको.

काटा लागला, पहिली दहा मिनिटं काय कराल?

सगळ्यात आधी जेवण थांबवा. मग माणसाला बोलता येतंय, खोकता येतंय, श्वास नीट चालू आहे ना, ते बघा. बोलता-खोकता येत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर तो प्रकारच वेगळा. अन्न श्वासनलिकेत अडकलं आहे. अशा वेळी एकाला १०८ला फोन करायला सांगा. रुग्णाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. मोकळं होईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. पाठीवर थापा आणि छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा.

श्वास व्यवस्थित असेल तर घाबरू नका. चार-पाच वेळा जोरात खोका, खाकरा. वरवर टेकलेला काटा त्याने निघू शकतो. साधं पाणी घोट-घोट प्या. पाणी सहज उतरत असेल तर तीही एक चांगली खूण आहे. उतरत नसेल तर दुसरा घोट नको. घरी करण्यासारखं एवढंच आहे. बोट घालून उलटी काढू नका, कारण वर येताना काटा दुसरीकडे रुतू शकतो. पाठीवर थापा श्वास अडकलेल्यासाठी आहेत, काट्यासाठी नाहीत. टॉर्च लावून कुणी तोंडात बघितलं तर हरकत नाही, पण चिमटा घालू नका. टॉन्सिलवर काटा समोर दिसत असला तरी चिमटा लागताच उबळ येते, मान हलते आणि दिसणारा काटा दिसेनासा होतो. लहान मुलाच्या बाबतीत तर मुळीच नको.

ओरखडा आहे की काटा? खात्रीने सांगणारी घरगुती चाचणी नाही, पण फरक जाणवतो. ओरखड्याची जळजळ पसरट असते आणि तासागणिक कमी होत जाते. काटा दर वेळी गिळताना त्याच जागी, त्याच बाजूला टोचतो. बोट ठेवून ‘इथेच’ असं सांगता येतं. वर, जबड्याच्या कोनाजवळ टोचत असेल तर तो बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतो आणि तो काढणं सोपं असतं. घाटीच्या खाली, मानेच्या तळाशी टोचत असेल तर तो अन्ननलिकेत असू शकतो आणि मग वाट बघायची नाही. टोचणं वरचं असलं आणि बाकी काही त्रास नसला, तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी घशाच्या डॉक्टरला दाखवा.

लगेच, रात्र असली तरी, निघायचं ते या खुणा दिसल्या तर: थुंकी गिळता येत नाही आणि लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, श्वासाला घरघर आहे, थुंकीत किंवा उलटीत रक्त आहे, छातीत किंवा पाठीत दुखतं आहे, ताप आला आहे, मान ताठली किंवा सुजली आहे. मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर जाणवली तर हवा बाहेर पडली आहे, म्हणजे अन्ननलिकेला भोक पडलं आहे असं समजा. आणखी एक फसवी गोष्ट आहे. क्वचित काटा खोल जाऊन मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतो. तेव्हा मधले काही दिवस बरे जातात आणि मग रक्ताची एखादी छोटी उलटी होते. ती ‘छोटी’ म्हणून सोडायची नाही, कारण नंतरचा रक्तस्राव जिवावर बेततो.

दवाखान्यात घशाला बधिर करणारा फवारा मारून, जीभ पुढे धरून, आरशाने किंवा नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने बघतात. काटा दिसला तर बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत निघतो. नाही दिसला आणि टोचणं कायम असेल तर साधा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. इथे माझी तक्रार माझ्याच व्यवसायबंधूंबद्दल आहे. माशाचे कितीतरी काटे एक्स-रेत दिसतच नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल, घरी जा’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. ‘डॉक्टर, दुर्बिणीने बघाल का?’ असं रुग्णाने बिनदिक्कत विचारावं. बेरियम पाजून एक्स-रे काढणंही नको. त्या पांढऱ्या लेपाखाली काटा झाकला जातो. अन्ननलिकेत टोकदार वस्तू असेल तर शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत दुर्बिणीने काढावी, असं युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेचं २०१६ पासूनचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे रविवार दुपार ते मंगळवार सकाळ जाते.

मटणाचा तुकडा अडकण्याचं गणित थोडं वेगळं. कवळी लावणाऱ्या वयस्कर माणसांत हे जास्त दिसतं. हाड नसेल आणि पाणी उतरत असेल तर तुकडा आपोआप खाली जाऊ शकतो, तरी २४ तासांच्या आत दाखवायला हवं. थुंकीही उतरत नसेल तर लगेच. आणि तुकडा गेला म्हणून विषय संपत नाही. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर अन्ननलिका कुठे अरुंद झाली आहे का, गाठ आहे का, हे बघावंच लागतं.

ब्रिटनच्या राजमातेला १९८२ मध्ये माशाच्या काट्यासाठी रुग्णालयात नेऊन भूल द्यावी लागली होती. राजवाड्यात मासा नीट सोलून देणारे असतानाही! तेव्हा लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. त्या करलीवाल्या बाई महिन्याभराने तपासणीला आल्या, तेव्हा मी विचारलं, मासे बंद केलेत का? ‘छे हो,’ त्या म्हणाल्या, ‘फक्त जेवताना टीव्ही बंद केलाय. आणि सासूबाई आता कुणाला भात गिळायला सांगत नाहीत.’