उडी मारता येत नाही, ती का? आधी ऊर्जा शिकवूया, नियम मागाहून



डोलवीजवळ अंबा नदीच्या खाडीतून कच्च्या मालाने भरलेले बार्ज पोलाद कारखान्याच्या जेट्टीकडे येताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. भरलेला बार्ज जेट्टीच्या बऱ्याच अलीकडून वेग कमी करायला लागतो. का? कारण त्याच्या गतीत ऊर्जा साठलेली असते, ½ m v² एवढी. ती कुठेतरी गेल्याशिवाय वेग शून्य होणार नाही, आणि जायला वेळ लागतो. घाई केली तर ऊर्जा जाते खरी, पण जेट्टी मोडून.

हा बार्ज मी मुद्दाम आणलाय. बारावीत कपॅसिटरची ऊर्जा ½ C V² स्थितिक विद्युतच्या धड्यात येते आणि इंडक्टरची ½ L I² विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात. मध्ये कित्येक आठवडे जातात. मग पुढे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेल्यावर मुलाला एक मंत्र मिळतो : "कपॅसिटरचा व्होल्टेज उडी मारत नाही, इंडक्टरचा करंट उडी मारत नाही." मूल पाठ करतं, गणितं सुटतात. पण "का?" विचारलं की गप्प. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा मंत्र देऊच नये. दोन्ही सूत्रं बार्जच्या सूत्राशेजारी फळ्यावर लिहावीत आणि मुलांनाच नियम काढू द्यावा.

कसा निघतो ते पाहा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरला, तर त्यात ½ × ०.००१ × १४४ = ०.०७२ जूल ऊर्जा असते. फार नाही. आता मुलांना विचारा, ही ऊर्जा एका सेकंदात भरायची तर किती शक्ती लागेल? ०.०७२ वॅट. एका मिलिसेकंदात? ७२ वॅट. एका मायक्रोसेकंदात? ७२ किलोवॅट! आणि शून्य वेळात? इथे वर्ग आपोआप शांत होतो. शून्याने भागायचं म्हणजे अमर्याद शक्ती, आणि तेवढी शक्ती देणारा उगम जगात नाही. म्हणून V ला पायरी-पायरीने नाही, तर सलग चढावं लागतं. इंडक्टरसाठी हेच वाक्य V च्या जागी I घालून म्हणायचं.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. मंत्र पाठ केलेल्या मुलाला वाटतं की या दोन वस्तूंमध्ये काहीच उडी मारत नाही. ते चूक आहे. रिकामा कपॅसिटर १२० ओहमच्या रोधातून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला, तर करंट त्याच क्षणी शून्यावरून ०.१ अँपिअरवर जातो. कपॅसिटरच्या ऊर्जेच्या सूत्रात करंट नाहीच, म्हणून तो मोकळा. तसंच इंडक्टरच्या सूत्रात व्होल्टेज नाही, म्हणून त्याचा व्होल्टेज हवी तेवढी उडी मारू शकतो. कोण बांधलेला आणि कोण मोकळा, हे सूत्रच सांगतं.

ही मोकळीक दिसते कशी? त्यासाठी एक १२ व्होल्टचा रिले, बॅटरी, बटण आणि एक छोटा निऑन दिवा घ्या. निऑनला पेटायला साधारण ९० व्होल्ट लागतात, म्हणजे बॅटरीने तो कधीच पेटणार नाही. तो रिलेच्या कॉइलला समांतर जोडा. बटण दाबा : काही नाही. बटण सोडा : दिवा चमकून जातो! ९० व्होल्ट आले कुठून?

आकडे घालूया. समजा कॉइलचा रोध १२० ओहम आणि इंडक्टन्स अर्धा हेन्री. करंट ०.१ अँपिअर, ऊर्जा ½ × ०.५ × ०.०१ = ०.००२५ जूल. बटण सुटलं की कॉइल म्हणते, माझा ०.१ अँपिअर लगेच शून्य होणार नाही, मला वाट द्या. वाट नसेल तर ती व्होल्टेज चढवत जाते, वाट सापडेपर्यंत. निऑनमधून सापडली तर निऑन पेटतो. निऑन काढला तर बटणाच्या संपर्कबिंदूंमधल्या हवेतून ठिणगी पडते. हाताने मोकळी टोकं धरली असतील तर वाट शरीरातून जाते, म्हणून मुलांना कॉइलच्या उघड्या टोकांना हात लावू देऊ नका.

नीट पाहिलं तर निऑनचं एकच टोक उजळतं, ऋण झालेलं. बॅटरी जोडलेली असताना तेच टोक धन होतं. म्हणजे कॉइलने व्होल्टेजची दिशाच उलटवली, करंट मात्र त्याच दिशेने चालू राहिला. आता कॉइलवर उलटा डायोड लावा. निऑन पेटणार नाही, कारण करंटला सोपी वाट मिळाली. पण किंमत आहे : करंट सावकाश ओसरतो, साधारण L/R = ०.५/१२० म्हणजे चार मिलिसेकंदांच्या हिशोबाने, आणि रिले किंचित उशिरा सुटतो. ठिणगी नको असेल तर वेळ द्यावाच लागतो.

हाच हट्ट पोलाद वितळवणाऱ्या आर्क भट्टीत कामाला येतो. एसी भट्टीत ५० हर्ट्झवर करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो आणि प्रत्येक वेळी आर्क विझू पाहतो. परिपथात पुरेसा इंडक्टन्स असेल तर करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. मग करंट शून्य होतो त्या क्षणी व्होल्टेज बराच वर असतो आणि आर्क लगेच पुन्हा पेटतो. शिवाय भंगाराचा तुकडा इलेक्ट्रोडला टेकून शॉर्ट झालं, तरी करंट झेप घेऊ शकत नाही. म्हणून आर्क भट्ट्यांमध्ये गरजेप्रमाणे एकसरीत रिॲक्टर बसवतात.

नियमाची मर्यादाही सांगावी, नाहीतर हाही मंत्रच होईल. १२ व्होल्टचा भरलेला कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेच्या रिकाम्याला थेट जोडला, तर दोघांवर ६ व्होल्ट येतात. ऊर्जा ०.०७२ वरून ०.०३६ जूल होते. अर्धी गेली कुठे? तारेच्या उष्णतेत आणि ठिणगीत. कागदावर तार आदर्श मानली की व्होल्टेज उडी मारल्यासारखा दिसतो, खऱ्या तारेत ती फार जलद चढण असते. आणि एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, "सर, +१२ वरून −१२ ला गेलं तर ऊर्जा तीच राहते, मग उडी का नाही?" त्याला शाबासकी द्या आणि सांगा, तेवढा प्रभार शून्य वेळात हलवायला अमर्याद करंट लागेल. ऊर्जेचा युक्तिवाद इथे थांबतो, प्रभाराचा पुढे नेतो.

पालकांसाठी एकच : पंखा, मिक्सर किंवा इन्व्हर्टर प्लगमधून काढला तरी आतला कपॅसिटर भरलेला असू शकतो. स्विच बंद झाला म्हणून त्याचा व्होल्टेज शून्य झाला असं नाही. पाल्याने उपकरण उघडण्याआधी त्याला विचारा, "यातली ऊर्जा गेली कुठे?" उत्तर देता आलं तरच स्क्रूड्रायव्हर द्या.