विश्लेषण : ‘सर, सगळं ठीक आहे’... रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये टीम गप्प का बसते?

नागपुरात मिहानमध्ये किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये दर दोन आठवड्यांनी अनेक टीम एका खोलीत जमतात. ‘या स्प्रिंटमध्ये काय चुकले?’ असा प्रश्न येतो, थोडी शांतता पसरते, कुणीतरी ‘कम्युनिकेशन सुधारायला हवे’ म्हणते आणि वीस मिनिटांत बैठक संपते. खरी चर्चा नंतर चहाच्या टपरीवर रंगते. कोणती मुदत पहिल्या दिवसापासूनच अशक्य होती, कुणाचे काम कुणामुळे अडले, हे सगळे तिथे मोकळेपणाने बोलले जाते. टपरीवर बोलणारी माणसे खोलीत का गप्प होतात आणि बैठक कशी घेतली तर ती बोलतील?

स्प्रिंट रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे नेमके काय?

स्क्रम पद्धतीत सॉफ्टवेअरचे काम एक ते चार आठवड्यांच्या टप्प्यांत होते. या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी टीमने मागे वळून आपल्या कामाच्या पद्धतीकडे पाहायचे, ही बैठक म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमध्ये एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी तिला जास्तीत जास्त तीन तास दिले आहेत. त्या हिशेबाने दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला दीड तास पुरतो. त्याआधी होणाऱ्या रिव्ह्यूमध्ये काय बनवले ते पाहतात. रेट्रोमध्ये ते कसे बनवले हे तपासायचे असते. म्हणजे इथे विषय वस्तूचा नसून माणसांच्या वागण्याचा असतो आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मग लोक बोलत का नाहीत?

‘आपली मुले लाजाळू आहेत’, ‘लहान शहरातून आली आहेत’ ही स्पष्टीकरणे सोयीची असली तरी ती चुकीची आहेत. गप्प राहणे हा बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. अनेक कंपन्यांत टीम लीडच स्क्रम मास्टर असतो, तोच रेट्रो चालवतो आणि अप्रेझलचा शेराही तोच लिहितो. चूक सांगण्याची किंमत एकट्याने मोजायची आणि फायदा झाला तर सगळ्या टीमचा. त्यात नागपूरचे आयटी वर्तुळ पुण्याच्या मानाने लहान आहे. आजचा लीड उद्या दुसऱ्या कंपनीतही भेटू शकतो. अशा हिशेबात ‘सर, सगळं ठीक आहे’ हेच शहाणपणाचे उत्तर ठरते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चांगल्या चमूंत नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ चमूंच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. रेट्रोसाठी याचा अर्थ सरळ आहे : शांत बैठक निरोगी टीमची खूण असेलच असे नाही. म्हणूनच लोकांकडून धाडसाची अपेक्षा करत बसण्यापेक्षा बोलण्याची किंमत कमी करणे हे बैठक घेणाऱ्याचे काम आहे.

सुरुवात कुठून करायची?

समजा, नागपुरातील एका कंपनीत पाच डेव्हलपर, दोन टेस्टर आणि एक लीड अशी टीम आहे. दहा कामाच्या दिवसांचा स्प्रिंट संपला. नऊ स्टोरी घेतल्या होत्या, सहा पूर्ण झाल्या. आजवरच्या रेट्रोतून काहीच निघालेले नाही. अशा वेळी पहिला बदल म्हणजे बैठक चालवायला दुसऱ्या टीमचा स्क्रम मास्टर बोलवायचा. पुढच्या आठवड्यात या टीमच्या लीडने त्यांची बैठक चालवायची, अशी अदलाबदल करता येते. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

पहिली दहा मिनिटे सुरक्षितता तपासायची. लीड सोडून सातही जणांनी सारख्या कागदाच्या चिठ्ठीवर १ ते ५ यांपैकी एक आकडा लिहायचा. ५ म्हणजे ‘मनातले सगळे बोलेन’, १ म्हणजे ‘हसून मान डोलावेन’. समजा ५, ४, ३, २, २, २, १ असे आकडे आले. सरासरी पावणेतीनच्या आसपास येते, पण तिच्याकडे पाहून उपयोग नाही. सातपैकी चौघे २ किंवा त्याखाली आहेत, ही खरी बातमी आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘१ कुणी लिहिले, मोकळेपणाने सांगा’ असे विचारणे. त्यानंतरच्या बैठकीत सगळे ४ लिहितात. त्याऐवजी सगळ्यांना दुसरी चिठ्ठी द्यायची आणि ‘एखादा माणूस १ का लिहीत असेल?’ हा प्रश्न ठेवायचा. आता कुणालाच स्वतःबद्दल बोलायचे नसते, त्यामुळे कारणे बाहेर येतात : ‘इथले बोलणे अप्रेझलपर्यंत जाते’, ‘अडकलो म्हटले की सगळ्यांसमोर, इतके सोपे होते ना, असे ऐकावे लागते’. चिठ्ठ्या बैठक चालवणाऱ्याने स्वतः वाचायच्या आणि नंतर फाडून टाकायच्या.

निम्म्याहून जास्त आकडे खालचे असतील तर लीडने पुढचा तासभर खोलीबाहेर जायचे आणि शेवटची वीस मिनिटे परत यायचे. हा नियम बैठकीआधीच लीडशी ठरवून घ्यावा लागतो. ऐनवेळी ‘आपण बाहेर जाता का?’ असे विचारले तर ती शिक्षा वाटते आणि मागे राहिलेले आणखी घाबरतात.

तक्रारीऐवजी कारण कसे सापडते?

नॉर्मन कर्थ यांनी २००१ मध्ये रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिले. त्या वेळची माहिती आणि साधने पाहता प्रत्येकाने आपल्या परीने चांगलेच काम केले, असे धरून चालावे, हा त्यांचा मूळ मुद्दा. हे वाक्य बैठकीच्या सुरुवातीला नुसते वाचून दाखवले तर त्याचा श्लोक होतो. ते प्रत्यक्षात आणायचे तर आधी घटना मांडाव्या लागतात. मते त्यानंतरची.

म्हणून पुढची वीस मिनिटे फळ्यावर दहा दिवसांची रेघ काढायची. कोणती स्टोरी कधी सुरू झाली, टेस्टिंगला कधी गेली, कधी परत आली, हे टूलमधून बघून लिहायचे. आपल्या उदाहरणात असे दिसते की पहिली स्टोरी टेस्टिंगला सहाव्या दिवशी गेली आणि नऊपैकी पाच शेवटच्या दोन दिवसांत गेल्या. टेस्टर आधी रिकामे होते, नंतर त्यांच्यावर सगळे एकदम कोसळले. हे सांगायला कुणाला धीर लागला नाही. रेघेनेच ते सांगितले.

आता ‘हे असे का झाले?’ यावर पाच मिनिटे प्रत्येकाने गुपचूप लिहायचे, मग दोघा-तिघांच्या गटात बोलायचे आणि शेवटी गटाने सगळ्यांसमोर मांडायचे. मोठ्या खोलीत न बोलणारा माणूस एका सहकाऱ्याशी सहज बोलतो आणि पुढे तो मुद्दा गटाचा होतो. लिहायची भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही चालेल, हे स्पष्ट सांगायला हवे. इंग्रजीत वाक्य जुळवण्याच्या नादात बरेच मुद्दे गळतात.

या टीममध्ये दोन कारणे निघाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लायंटच्या कॉलवर एका स्टोरीची मागणी बदलली. चौथ्या दिवशीच डेव्हलपरला कळले होते की ती मावणार नाही, पण त्याने ते नवव्या दिवशी सांगितले. कारण रोजच्या स्टँडअपमध्ये ‘झाले का?’ असा प्रश्न येतो आणि त्याला ‘होतंय’ हेच सुरक्षित उत्तर असते. प्रत्येकाला तीन टिंबे देऊन मत घेतले तेव्हा ‘अडचण उशिरा कळते’ या मुद्द्याला सर्वाधिक टिंबे मिळाली.

निर्णय कसा असावा?

‘अडचण लवकर सांगू या’ हा निर्णय नव्हे, तो सुविचार झाला. बोलायला घाबरणाऱ्याला तो पुन्हा बोलायलाच सांगतो. चांगला निर्णय माणसाच्या धाडसावर अवलंबून नसतो. इथे असे ठरवता येईल : एखादे कार्ड बोर्डावर एकाच रकान्यात दोन दिवसांहून जास्त थांबले की त्यावर आपोआप लाल खूण लागेल आणि त्या दिवशी कुणीतरी दुसरा तासभर मदतीला बसेल. आता ‘मी अडकलो’ असे कुणालाच म्हणावे लागत नाही.

लीड परत आल्यावर त्याला नावांशिवाय रेघ, कारण आणि निर्णय एवढेच सांगायचे. त्याने एकच गोष्ट स्वतःकडे घ्यायची : ‘झाले का?’ऐवजी ‘कशात अडकले आहे?’ असे विचारायचे. या क्षणी तो काय बोलतो याकडे सातही जणांचे लक्ष असते. ‘पण हे मला आधी का नाही सांगितले?’ हे एक वाक्य सगळे पाणी फेरते. निर्णय एकच ठेवायचा, दोन झाले तरी पुष्कळ. त्याला एक जबाबदार माणूस हवा आणि पुढची बैठक त्याच निर्णयाच्या हिशेबाने सुरू व्हावी. पाच स्टोरी शेवटच्या दोन दिवसांत गेल्या होत्या, या वेळी किती गेल्या? लाल खूण लागली तेव्हा मदत आली की जाब विचारला गेला?

ही पद्धत कुठे कमी पडते?

निनावीपणाला मर्यादा आहेत. टीममध्ये एकच टेस्टर असेल तर टेस्टिंगबद्दलची चिठ्ठी कुणाची हे लगेच कळते, हस्ताक्षरही ओळखू येते. कंपनीच्या लॉगिनमधून घेतलेली ऑनलाइन मतचाचणी निनावी आहे, यावर लोक सहसा विश्वास ठेवत नाहीत. शिवाय चिठ्ठी ही कुबडी आहे. सहा महिन्यांनंतरही सगळे चिठ्ठीवरच चालत असेल तर पाय बरा झालेला नाही, असे समजावे.

काही प्रश्न रेट्रोचे नसतातच. पगार, एखाद्याचा सततचा अपमान किंवा छळ हे विषय फळ्यावर मांडून सुटत नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते, ती तिथेच जायला हवी. आणि रेट्रोतले एखादे वाक्य एकदा जरी अप्रेझलच्या चर्चेत उगाळले गेले, तर वर सांगितलेली कोणतीही युक्ती त्या टीममध्ये चालणार नाही. व्यवस्थापनाला ही एक शिस्त पाळता येत नसेल, तर दर पंधरा दिवसांनी सगळ्यांचा दीड तास घेण्याला अर्थ नाही.

सुधारणा होते आहे हे ओळखायचे कसे? पुढच्या चिठ्ठ्यांतला सर्वांत खालचा आकडा वर सरकतो का ते पाहावे. वाईट बातमी नवव्या दिवसाऐवजी चौथ्या दिवशी येऊ लागते का तेही पाहावे. टपरीवरच्या गप्पा काही बंद होणार नाहीत, व्हायलाही नकोत. तिथला एखादा विषय पुढच्या बैठकीत फळ्यावर दिसला, की रेट्रो चालू लागली असे म्हणता येईल.